दादाचं घर, आई आहे तोवर

दादाला माती देऊन आम्ही घरी आलो. शेजारणीने चहा टाकून ठेवला होता. आमचा शहाडचा चुलतभाऊ कप हातात घेऊन आईजवळ बसला आणि म्हणाला, काकू, घराची काळजी करू नका, आईचा वाटा असतोच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजून कोणाचे पाय धुऊन झाले नव्हते आणि हा वाटे करायला बसला. पण खोटं कशाला बोलू, ते ऐकून थोडं हलकंही वाटलं. कारण घर दादाचं होतं. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हॉल. त्यात राहणारे आम्ही तिघं, म्हणजे आई, माझे वडील आबा आणि मी, आमचं त्या घराच्या कागदावर कुठेही नाव नव्हतं.

आम्ही तिथे आलो कसे ते सांगते. दादाची बायको, माझी वहिनी, कॅन्सरने गेली तेव्हा मुलं शाळेत होती. आम्ही तेव्हा कल्याणला पागडीच्या खोलीत राहायचो. मी बिनलग्नाची, बालवर्गाची टीचर. दादा एका रविवारी आला आणि म्हणाला, मला जमत नाही, तुम्ही सगळे या. आम्ही गेलो. खोली मालकाला परत केली, त्याचे जे आले ते आबांनी दादाच्या घराच्या कर्जात घातले. कागद वगैरे काही केला नाही. मुलाच्या हातात पैसे देताना बाप कागद करतो का कधी? भाच्याला आणि भाचीला मी वाढवलं. डबे केले, पालकसभांना गेले, भाचीच्या केसातल्या उवा काढल्या. उपकार म्हणून सांगत नाही. माझंच घर होतं ते, असं मला वाटत होतं.

दादा हार्टने गेला, ऑफिसातून येताना. इच्छापत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून वहिनीचं नाव होतं, तेही त्याने कधी बदललं नव्हतं. वहिनीचं काहीच त्याने बदललं नव्हतं म्हणा. तिची ओढणी दाराच्या मागे तशीच. मात्र एक बदललं. ती गेल्यावर त्याने चर्चला जाणं सोडलं. आई रविवारी तयार होऊन बसायची, हा पेपर उघडायचा. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. त्यांना चहा दिला, पण देवाचा विषय काढू दिला नाही.

प्रार्थनासभा वगैरे झाल्यावर भाचा पुण्याहून आला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटला. सेक्रेटरींनी सांगितलं, नॉमिनीच हयात नाही, तेव्हा कोर्टातून वारस दाखला आणा, मग शेअर सर्टिफिकेटवर नावं चढवू. भाच्याने वकील लावून कल्याणच्या कोर्टात अर्ज टाकला. वारस म्हणून दोनच नावं, त्याचं आणि बहिणीचं. आम्हाला हे त्यानेच फोनवर सांगितलं, लपवलं काही नाही. पुढे म्हणाला, दाखला मिळाला की विकायचं म्हणतोय आत्या. पुण्यात घर घ्यायचंय, बायकोला दिवस गेलेत, ताईलाही तिच्या वाट्याचं हवंय. तुम्हा तिघांना बदलापूरकडे एखादी भाड्याची जागा बघू आपण.

बघू म्हणे. मी फोन ठेवला आणि पोळ्यांची कणीक मळायला घेतली, इतकी मळली की आई म्हणाली, अगं पुरे, चिकट होईल. तिला मी तेव्हा काही सांगितलं नाही. आबांना तर सांगण्यात अर्थच नव्हता. त्यांना मुलगा गेलाय हेही काही दिवस आठवायचं, काही दिवस नाही.

मी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, हरकत घ्या. पेपरात जाहीर नोटीस येईल, तिच्या मुदतीत काकूंच्या नावाने हरकत टाका. माझा भाऊ गेला तेव्हा आमच्या आईला मुलांच्या बरोबरीने वाटा मिळाला, तुमच्या आईला का नाही मिळणार? त्याचं बोलणं त्याच्या घरापुरतं बरोबर होतं. आबांचा थोरला भाऊ बौद्ध झाला आणि आबा मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले, एवढाच काय तो आमच्या दोन घरांतला फरक. नाताळला ते आमच्याकडे करंज्या खायला येतात, जयंतीला आम्ही शहाडला जातो. रक्त एक, आडनाव एक, नाकंसुद्धा एक. कायदा तेवढा दोन प्रकारचा असेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते ठाण्याला नौपाड्यातल्या वकीलबाईंनी सांगितलं. त्या माझ्या शाळेतल्या एका टीचरच्या ओळखीच्या होत्या. मी आईला घेऊन गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा धर्म कोणता? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भाचा विकायचं म्हणाल्यापासून डोंबिवलीत भाड्याची जागा बघताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तो आला की मी चपला घालते. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? त्या शांतपणे म्हणाल्या, इथे सगळा संबंध त्याचाच आहे.

मग त्यांनी समजावलं. हिंदू माणूस इच्छापत्र न करता गेला, आणि त्याची बायको आधीच गेलेली असली, तर त्याची मुलं आणि त्याची आई यांना सारखे वाटे. बौद्धांनाही तोच कायदा, म्हणून तुमच्या चुलतभावाच्या आईला मिळाला. वडिलांना त्यातही नाही. पण ख्रिस्ती माणसाला वेगळा कायदा आहे. विधुर माणूस मुलं ठेवून गेला तर सगळं मुलांचं, सारखं वाटून. आईला नाही, वडिलांना नाही, भावाबहिणींना तर नाहीच.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"मुलं असताना काहीच नाही. मुलंच नसती तर तुमच्या भावाचं सगळं तुमच्या वडिलांकडे गेलं असतं. वडीलही नसते, तर आई आणि तुम्ही भावंडं, सगळे बरोबरीने."

म्हणजे मी ज्या पोरांना न्हाऊ-माखू घातलं ती नसती तर मी या घराची वारस झाले असते, तेही आबा नसते तर. मला हसू आलं, आणि ते हसू आईने बघितलं हे मला आवडलं नाही. आबांनी पैसे घातले होते त्याचं काय, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, कागद आहे का? नाही. मग बापाने मुलाला दिलेले पैसे म्हणूनच धरतील. आणि एक इच्छापत्र केलं असतं तर? बाई म्हणाल्या, केलं असतं तर त्याला सगळं तुमच्या नावावरसुद्धा करता आलं असतं. ख्रिस्ती माणसाला कोणी अडवत नाही. दादाला मी त्या क्षणी मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की देव मला माफ करो. अरे, गाडीचा इन्शुरन्स भरायची आठवण राहायची तुला.

चुलतभाऊ मात्र हटला नाही. तो आमच्याकडे आला आणि त्याने दादाच्या शाळेचा दाखला काढायला लावला. दाखला काही लपवलेला नव्हता, कपाटातच असायचा. त्यावर धर्माच्या पुढे हिंदू लिहिलेलं. गावातल्या शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तसं लिहिलं होतं, पोराला सवलत मिळेल म्हणून, आणि आबांनी मान डोलावली होती. आमच्या लोकांत असे दाखले घरोघरी आहेत. आमची नावंही चारचौघा मराठी माणसांसारखीच, नाव वाचून कोणाला काही कळत नाही. चुलतभावाचं म्हणणं, सरकारच्या कागदावर तो हिंदू आहे, चर्चला तर तो जात नव्हता, मग काकूंना वाटा का नको? मी तो दाखला घेऊन परत नौपाड्याला गेले.

वकीलबाई खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, दाखल्याने धर्म ठरत नाही. त्याचा बाप्तिस्मा झालाय, लग्न चर्चमध्ये लागलंय, तुमचा भाचा चर्चची नोंदवही कोर्टात आणेल आणि बहुतेक तोच जिंकेल. पण त्याने धर्म सोडला होता असं त्याची आई शपथेवर सांगत असेल, तर ती साक्ष आहे, कोर्टाला ती ऐकावी लागेल. कदाचित वर्षं जातील. तोवर घर घ्यायला कोण गिऱ्हाईक येणार? नंतर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, ते खरं आहे की नाही, हे मात्र आईंनी ठरवायचं. मी त्यांना पढवणार नाही.

मी ठरवलं होतं. मी म्हणत होते, खोटं काय आहे त्यात? कितीतरी वर्षं तो चर्चची पायरी चढला नाही. प्रभुभोजन घेतलं नाही. आई जेवणाआधी प्रार्थना करायची तेव्हा हा आमटी वाढून घ्यायचा. याला ख्रिस्ती म्हणायचं तर मग मला पोप म्हणा. हे मी आईला रोज ऐकवत होते, भांडी घासताना, तिच्या पायाला तेल लावताना. आता तिलाही सगळं माहीत झालं होतं, विक्रीचं, बदलापूरचं. ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. एक दिवस तिने एवढंच विचारलं, हे केल्यावर पोरांना राग येईल का? मी म्हटलं, येऊ दे.

भाच्याला पेपरातल्या नोटिशीनंतर हरकतीची कुणकुण लागली. तो आला, पण भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो आबांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत बोलत होता. त्याच्या कंपनीत माणसं कमी करतायत, भाडं परवडत नाही, बाळ येणार. "आत्या, कायदा मी केलेला नाही," तो म्हणाला, "आणि पप्पा ख्रिस्ती नव्हते असं तुम्ही कोर्टात म्हणणार असाल तर मला पाळकसाहेबांना साक्षीला उभं करावं लागेल. मला ते करायचं नाहीये." त्याचं रडू आतल्या आत अडकलेलं मला दिसत होतं. लहानपणी पडला की असाच ओठ दाबायचा. मला त्याला जवळही घ्यायचं होतं आणि एक थोबाडीतही द्यायची होती. मी उठून गॅस बंद करायला गेले, गॅस बंदच होता.

हरकतीच्या अर्जासोबत आईचं ॲफिडेव्हिट द्यायचं होतं. वकीलबाई स्वतः कल्याणच्या कोर्टात येणार होत्या. शेजारणीला आबांजवळ बसवून मी आईला रिक्षातून नेलं. आईने चर्चची पांढरी साडी नेसली होती. मी म्हटलं, आज ही कशाला? ती म्हणाली, धुतलेली हीच होती. कोर्टाच्या बाहेर नोटरींची टेबलं असतात, ताडपत्रीखाली, तिथे एका टेबलाशी आम्ही उभ्या राहिलो. नोटरी वयस्क होता, घाईत होता, पण नीट माणूस. म्हणाला, मावशींना वाचून दाखवलंय का? वकीलबाईंनी परत एकदा हळू आवाजात वाचलं. मी अमुक, वय अमुक. मयत माझा मुलगा. त्याने पत्नीच्या निधनानंतर ख्रिस्ती धर्माचा त्याग केला होता आणि मृत्यूसमयी तो ख्रिस्ती धर्माचा नव्हता. नोटरी म्हणाला, मावशी, कबूल आहे ना? मग इथे सही करा.

आईने पेन घेतलं. तिला सही येते, मिशनच्या बायकांनी शिकवलेली, मोठ्या गोल अक्षरांची. तिने पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मग त्याला बायकोजवळ का पुरला आपण?"

मी म्हटलं, आई, सही कर.

"तो ख्रिस्ती नव्हता तर ती जागा त्याची नव्हती. ती माती पाळकांनी दिली, मी मागितली म्हणून दिली. आता मीच लिहून देऊ का, की माझं पोरगं तिथे फसवून निजलंय?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो देवावर रुसला होता गं. रुसायला तरी देव लागतो का नाही?"

नोटरीने पेनाचं टोपण उचलून तिच्यापुढे ठेवलं. माझं डोकं एवढं भडकलं की मी तिथेच, लोकांसमोर, तिला म्हणाले, मेलेल्या मुलाची जागा सांभाळलीस, जिवंत मुलीची कोण सांभाळणार?  तिने टोपण पेनाला लावलं आणि दोन्ही हातांनी नोटरीला परत दिलं. वकीलबाईंनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं. मी आयुष्यात इतकी एकटी कधी पडले नव्हते, आणि तेही आई शेजारी उभी असताना.

हरकत गेली नाही. पुढे वकीलबाईंनीच मार्ग काढला. म्हाताऱ्या आजी-आजोबांना सांभाळायची जबाबदारी नातवंडांवरही येते, त्यात राहायची सोयही आली, त्यासाठी प्रांत ऑफिसात अर्ज करता येतो, असं त्यांनी भाच्याच्या वकिलाला कळवलं. अर्जापर्यंत गोष्ट गेलीच नाही. आईने सही केली नाही हे पोरांना कळलं तेव्हाच ती विरघळली होती. दोघं आली, आईच्या गळ्यात पडली. आजी-आजोबा हयात असेपर्यंत घर विकायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं. दाखला मिळाला, सोसायटीत दोघांची नावं चढली. सगळ्यांनी मिळून पुरणपोळी खाल्ली. मीच केली होती.

त्या कागदात माझाही उल्लेख आहे. मयताची बहीण आई-वडिलांच्या देखभालीसाठी त्यांच्यासोबत राहील, तिचा घरावर कोणताही हक्क नाही व राहणार नाही, आणि ते दोघं हयात नसल्यास ती ठरलेल्या मुदतीत घर रिकामं करील. भाची म्हणाली, आत्या, हे वकिलाने घातलंय, आपल्यात काय तसं आहे का? मी सही केली. करणार काय? मी कोण होते त्या घराची? कायद्याने कोणीच नाही, ख्रिस्ती धरा नाहीतर हिंदू धरा.

मागच्या पावसाळ्यात आबा गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. आता आई एकटी उरली. भाचा दर रविवारी फोन करतो. आजीची तब्येत कशी आहे, विचारतो. मायेनेच विचारतो, मला ठाऊक आहे. त्याचं बाळ आता चालायला लागलंय, भाड्याच्या घरात. तरी मी घाईघाईने म्हणते, ठणठणीत आहे. तिला खोकला झाला की मी डॉक्टरकडे धावते. तिची बीपीची गोळी मी हातात धरून उभी राहते, गिळल्याशिवाय हलत नाही. ही धावपळ आईसाठी आहे की खोल्यांसाठी, हे मी स्वतःला विचारायचं सोडून दिलंय. उत्तर काय यायचं ते येईल, आणि ते घेऊन जगता यायचं नाही.

आईला आता जेवण जात नाही. तिची सगळी माणसं पुढे गेली, गुडघे गेले, दिसत नाही नीट. परवा मी भात कालवून दिला, तिने दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. मी ओरडले, खा म्हणून. तिने ताट परत ओढलं आणि चावत राहिली, तोंड वाकडं करून, एकेक घास. संपवलं सगळं. मी भांडी उचलून आत गेले आणि तिने प्रार्थना सुरू केली. तिला वाटतं ती मनात बोलतेय, पण कान गेल्यापासून तिचं मनातलं सगळं मोठ्याने असतं. आपल्या माणसांची नावं घेऊन झाली, पोरांची झाली, बाळाचं झालं. मग ती म्हणाली, प्रभू, मी थकले रे, मला यायचंय, पण एवढ्यात नेऊ नको. मी आले की माझी पोर रस्त्यावर येईल.